केसांना तेल रात्रभर ठेवावे की न्हाण्याआधी तासभर? तेल आणि ते काढण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांकडून वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. वेगळा उल्लेख नसेल तेथे तेल म्हणजे खोबरेल तेल समजावे, कारण आपल्याकडे रोजच्या वापरात तेच सर्वाधिक आहे आणि केसांवरील परिणामांच्या दृष्टीने सर्वाधिक अभ्यासही त्याचाच झाला आहे.

१. थोडक्यात सांगा, तेल रात्रभर ठेवावे की केस धुण्याआधी तासभर लावले तरी पुरते?

बहुतेकांना तासभर पुरते. मात्र या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्या की उत्तर सोपे होते. एक म्हणजे डोक्याची त्वचा आणि दुसरी म्हणजे त्वचेबाहेर आलेला केस. डोक्याची त्वचा जिवंत असते आणि ती स्वतःचे तेल स्वतःच तयार करते. तिला बाहेरून दिलेल्या तेलाची गरज बहुधा थोडी असते आणि थोडा वेळ असते. बाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. तो स्वतःची झीज भरून काढू शकत नाही, आणि त्याचे टोक जितके खाली तितके ते अधिक जुने व अधिक झिजलेले असते. म्हणून रात्रभर तेल ठेवायचेच असेल, तर ते कानांच्या खालच्या लांबीला लावावे. डोक्याच्या त्वचेला तेल न्हाण्याआधी अर्धा ते एक तास लावणे पुरेसे आहे.

२. तेल केसात खरोखर मुरते का, की नुसते वरवर बसते?

ते तेलावर अवलंबून आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. या आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असल्यामुळे खोबरेल तेलाचे रेणू केसाच्या बाहेरील खवल्यांमधून आत शिरू शकतात. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू अधिक मोठे आणि वाकडे असतात. खनिज तेल तर केसातील प्रथिनांशी जुळतच नाही आणि पृष्ठभागावरच राहते. मॅरिको या खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये या तिन्ही तेलांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर अशा दोन्ही प्रकारे लावून पाहिल्यावर, केसातून वाहून जाणारे प्रथिन कमी करणारे तेल केवळ खोबरेल ठरले. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीचे आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचावे. तरीही खोबरेल तेल केसात शिरते आणि खनिज तेल शिरत नाही, हे इतर अभ्यासांतही दिसले आहे.

याचा उपयोग नेमका केव्हा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात भिजलेला केस फुगतो, त्याचे खवले उचलले जातात आणि याच अवस्थेत घासणे, पिळणे व विंचरणे यांमुळे त्याचे सर्वाधिक नुकसान होते. आधी तेल मुरलेला केस पाणी कमी शोषतो आणि म्हणून कमी फुगतो. याचा अर्थ असा की धुण्यापूर्वी लावलेले तेल हे मुख्यतः त्या धुण्यापासूनच केसाचे रक्षण करते. धुतल्यानंतर केस चमकावेत म्हणून लावलेल्या तेलाचे काम वेगळे आहे.

३. पण तेल जितका वेळ राहील तितके अधिक मुरेल, मग रात्रभर ठेवणे चांगलेच नाही का?

तेलाचे आत शिरणे काही तास चालू राहते, हे खरे आहे. त्यामुळे ज्यांचे केस रंगवलेले, ब्लीच केलेले, वारंवार यंत्राने सरळ केलेले किंवा मुळातच जाड, कोरडे व कुरळे आहेत, त्यांना लांबीवर रात्रभर ठेवलेल्या तेलाचा अधिक लाभ होऊ शकतो. निरोगी, न रंगवलेल्या आणि खांद्यापर्यंतच्या केसांच्या बाबतीत मात्र तासभर आणि रात्रभर यांतील फरक हाताला किंवा डोळ्याला क्वचितच जाणवतो.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. केसात मुरू शकणाऱ्या तेलाला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडचे तेल आठ तास ठेवले तरी पृष्ठभागावरच राहते आणि दुसऱ्या दिवशी ते काढण्यासाठी जास्त शाम्पू लागतो. तो जादा शाम्पू आणि ते जादा घासणे यांमुळे रात्रभर मिळवलेला लाभ सकाळी दहा मिनिटांत खर्ची पडतो. तेल किती वेळ ठेवले यापेक्षा किती लावले हे अधिक महत्त्वाचे ठरते ते यामुळेच. प्रमाणासाठी प्रश्न ५ पाहावा.

४. रात्रभर तेल ठेवल्याने तोटा कोणाला होतो?

तीन प्रकारच्या व्यक्तींनी डोक्याच्या त्वचेला रात्रभर तेल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या म्हणजे ज्यांना कोंडा होतो त्या; त्याची कारणे प्रश्न १२ मध्ये दिली आहेत. दुसऱ्या म्हणजे ज्यांच्या कपाळावर, कानशिलांजवळ किंवा मानेवर बारीक पुरळ उठते त्या. झोपेत तेल केसांवरून कपाळावर आणि अभ्र्यावर उतरते व अभ्र्यावरून गालाला लागते. केवळ केसांच्या रेषेलगत उठणारे आणि औषधाने न जाणारे पुरळ पुष्कळदा तेल बंद केल्यावर काही आठवड्यांत कमी होते. तिसऱ्या म्हणजे ज्यांची डोक्याची त्वचा मुळातच तेलकट आहे आणि ज्यांना धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी केस चिकट वाटतात त्या.

याखेरीज, तेलकट केसांवर धूळ बसते. शहरात मोटारसायकलवरून फिरणाऱ्या व्यक्तीने तेल लावून दिवसभर बाहेर राहणे हे रात्रभर तेल ठेवण्याहूनही त्रासदायक असते, कारण त्या धुळीसह शिरस्त्राणाचे घर्षण आणि घाम यांची भर पडते.

५. किती तेल घ्यावे? आमच्या घरी तर तेल डोक्यावरून ओघळेपर्यंत लावतात.

खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांना एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलि, आणि कमरेपर्यंतच्या दाट केसांना दोन ते तीन चमचे तेल पुरते. आखूड केसांना अर्धा चमचाही पुष्कळ होतो. तेल हातावर घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर चोळावेत, त्यानंतर ते आधी टोकांना व लांबीला लावावे आणि हाताला शेवटी जे उरेल ते बोटांच्या पेरांनी भांगांमधून त्वचेवर फिरवावे. आपल्याकडे याच्या बरोबर उलट केले जाते. आधी टाळूवर तेलाची धार धरतात आणि टोकांपर्यंत ते पोहोचतच नाही.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी: तेल लावून दहा मिनिटांनी केसांची एक बट कोरड्या टिशू कागदात दाबून पाहावी. कागदावर पुसट डाग पडला तर प्रमाण ठीक आहे. कागद पारदर्शक होऊन ओला झाला तर तेल जास्त झाले. असे झाल्यास जुन्या मऊ सुती कापडाने लांबी दाबून जादा तेल टिपून घ्यावे. न्हाण्यापूर्वीचे हे दोन मिनिटांचे काम पुढील एका शाम्पूची बचत करते.

६. खोबरेल तेलाऐवजी तिळाचे, बदामाचे किंवा एरंडेल तेल चालेल का?

तिळाचे आणि बदामाचे तेल चालते, त्यांमुळे केस मऊ होतात व गुंता कमी होतो. मात्र प्रथिनांची हानी रोखण्याच्या बाबतीत ती खोबरेल तेलाची जागा घेतात असे म्हणता येत नाही. ती मुख्यतः पृष्ठभागावर राहत असल्यामुळे रात्रभर ठेवण्याचे कारण त्यांच्या बाबतीत आणखी कमी होते. जास्वंद, माका किंवा ब्राह्मी यांचे तेल ज्या तेलात उकळलेले असेल, त्या मूळ तेलाप्रमाणेच ते मुरते आणि त्याप्रमाणेच निघते. म्हणून बाटलीवरील फुलाच्या चित्राकडे न पाहता घटकांच्या यादीतील पहिले नाव वाचावे. कित्येक तयार केशतेलांत ते पहिले नाव खनिज तेलाचे असते.

एरंडेल तेलाबाबत मात्र सावध राहावे. ते अत्यंत घट्ट आणि चिकट असते. लांब केसांना ते दाट लावून लगेच डोक्यावर केस एकत्र करून घासले, तर क्वचित केसांचा असा गठ्ठा बनतो की तो सुटतच नाही आणि कापावा लागतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी अशा घटनेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केलेली आहे. एरंडेल वापरायचेच असेल तर एका भागाला किमान चार भाग खोबरेल तेल मिसळावे आणि ते काढताना प्रश्न ८ मधील पद्धत वापरावी.

७. दोनदा शाम्पू लावल्याशिवाय तेल निघतच नाही. कडक शाम्पू न वापरता ते कसे काढावे?

तेल न निघण्याचे कारण बहुधा शाम्पूची कमतरता हे नसते. पाणी फार थंड असणे, शाम्पू एकाच जागी पडणे आणि फेस येईपर्यंत घासत राहण्याची सवय ही खरी कारणे असतात.

आधी पाण्याविषयी. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते. डिसेंबरमध्ये पुण्यात किंवा नाशिकमध्ये सकाळी टाकीतून येणारे पाणी याहून बरेच थंड असू शकते. अशा पाण्याने डोके भिजवले की केसांवरील तेल गोठते, आणि मग सौम्यच काय, कडक शाम्पूलाही ते सहज सोडवता येत नाही. पाणी मनगटाच्या आतील बाजूला कोमट लागेल इतके असावे. कढत पाणी वापरू नये, त्याने त्वचा कोरडी पडते.

आता फेसाविषयी. शाम्पूतील स्वच्छक रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. केसांवर तेल असताना हे रेणू तेल पकडण्यात गुंततात, त्यामुळे पहिल्या वेळी फेस कमी येतो. फेस येत नाही म्हणजे शाम्पूने काम केले नाही असे नसून, शाम्पू कामात गुंतला आहे असे समजावे. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण पहिल्याच वेळी हातावर पुन्हा पुन्हा शाम्पू ओततात.

पद्धत अशी आहे. अर्ध्या कपात, म्हणजे सुमारे १०० मिलि कोमट पाण्यात, एक चहाचा चमचा शाम्पू मिसळावा. केस कोमट पाण्याने पूर्ण भिजवून ते पाणी हाताने हलकेच निथळू द्यावे. पातळ केलेल्या शाम्पूचे निम्मे मिश्रण टाळू, कानांमागील भाग आणि मानेवरील केस यांवर थोडे थोडे ओतून बोटांच्या पेरांनी एक मिनिट फिरवावे. नखे लावू नयेत. लांबी चोळू नये, तिच्यावरून हात वरून खाली फक्त सरकवावा. भरपूर पाण्याने धुवावे आणि उरलेले निम्मे मिश्रण तसेच लावावे. या दुसऱ्या वेळी फेस येईल. म्हणजे शाम्पू लावणे दोनदाच होते, पण एकूण शाम्पू एकच चमचा खर्च होतो. केस फार लांब किंवा दाट असतील तर दोन चमचे घ्यावेत. पाणी मिसळलेला शाम्पू पुढच्या वेळेसाठी साठवू नये, कारण पाण्यामुळे त्यातील परिरक्षक पातळ होऊन त्यात जंतू वाढू शकतात.

शाम्पूची निवड करताना घटकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट अगदी वर असेल तर तो शाम्पू त्वचेला अधिक कोरडा करणारा असण्याची शक्यता असते. सोडियम लॉरेथ सल्फेटबरोबर कोकॅमिडोप्रोपिल बीटेन असलेले मिश्रण तुलनेने सौम्य असते, आणि डेसिल ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असलेले त्याहूनही सौम्य. मात्र प्रमाणात लावलेले तेल यांपैकी मधल्या प्रकाराने निघते, त्यामुळे महागडा शाम्पू घेण्याची आवश्यकता नाही.

८. आधी कंडिशनर आणि मग शाम्पू असे का सांगतात? ते उलटे नाही का?

तेल जास्त झाले असेल किंवा घट्ट असेल, तर हा क्रम उपयुक्त ठरतो. कंडिशनरमध्ये मेदयुक्त अल्कोहोल आणि केसांना चिकटणारे सौम्य स्वच्छक घटक असतात. कोरड्या, तेल लावलेल्या लांबीवर पाणी घालण्यापूर्वी कंडिशनर चोपडला की तो त्या तेलात मिसळतो. पाच मिनिटांनी हातावर थोडे थोडे पाणी घेऊन बटा दाबल्या की पांढरट, दुधाळ द्रव निघू लागतो. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात सुटू लागल्याची ती खूण आहे. तो द्रव धुवून टाकावा आणि त्यानंतर केवळ डोक्याच्या त्वचेला प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे पातळ शाम्पू एकदाच लावावा.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. कंडिशनर त्वचेवर लावला तर तेथे थर राहतो, म्हणून तो कानांच्या खालीच लावावा. तसेच अगदी बारीक आणि विरळ केस यामुळे चप्प बसू शकतात. अशा व्यक्तींनी मुळात तेलाचे प्रमाण कमी करणे अधिक चांगले.

९. शिकेकाई, रिठा किंवा बेसन यांनी तेल निघते का? ते शाम्पूपेक्षा सौम्यच असणार ना?

निघते, परंतु या तिघांचे गुण वेगळे आहेत आणि तिन्ही सौम्यच आहेत असे नाही.

शिकेकाईतील सॅपोनिन हे खरोखर सौम्य स्वच्छक आहे. ते माफक तेल काढते आणि केसांवर थोडे तेल शिल्लक ठेवते. हे शिल्लक तेल कोरड्या केसांना मानवते. दोन मोठे चमचे शिकेकाईची पूड दीड कप पाण्यात रात्री भिजवावी, सकाळी पाच मिनिटे मंद उकळावी, कोमट झाल्यावर पातळ सुती कापडातून गाळून घ्यावी आणि त्या पाण्याने डोके धुवावे. न गाळलेली पूड थेट केसांना चोळण्याची पद्धत टाळावी, कारण तिचे खरखरीत कण केसांच्या खवल्यांना घासतात आणि मुळाशी अडकून राहतात. डोक्यावरून ओघळेपर्यंत तेल लावले असेल, तर मात्र शिकेकाई ते काढू शकणार नाही. पूर्वी तेल जास्त असे आणि शिकेकाई पुरे असे, ही आठवण बहुधा अपुरी असते, कारण त्या काळी धुतल्यानंतरही केसांवर थोडे तेल असणे कोणाला खटकत नसे.

रिठा शिकेकाईपेक्षा बराच तीव्र असतो. तो तेल चांगले काढतो, पण एकटा वापरला तर केस राठ होतात आणि डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. शिकेकाईच्या चार भागांत रिठ्याचा एक भाग, सोबत आवळकाठी, हे पारंपरिक मिश्रण म्हणूनच शहाणपणाचे आहे.

बेसन किंवा मुगाचे पीठ तेल शोषून घेते. आखूड केसांसाठी ते चालते. लांब केसांत त्याच्या गाठी होतात आणि त्या काढताना केस तुटतात, म्हणून लांब केसांसाठी मी ते सुचवणार नाही.

शिकेकाईचा साबण ही वेगळीच वस्तू आहे. तो नावाने शिकेकाई असला तरी मुळात साबणच असतो, म्हणजे अल्कधर्मी असतो, आणि केसांचे खवले उचलतो. त्याचा दुसरा दोष पुढील प्रश्नात येतो.

१०. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. काहीही केले तरी केस चिकटच राहतात.

हा चिकटपणा पुष्कळदा तेलाचा नसतोच. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट मळ तयार करतो आणि तो केसांवर बसतो. त्यावर अधिक साबण लावला की अधिक मळ तयार होतो. मराठवाड्यात किंवा नगर, सोलापूर भागांत बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी केसांसाठी कोणताही साबण वापरू नये. शाम्पूतील स्वच्छक क्षारांबरोबर असा मळ तयार करत नाहीत.

याखेरीज, शेवटच्या धुण्यासाठी बादलीभर पावसाचे किंवा नळाचे पाणी वेगळे ठेवता आले तर फार फरक पडतो. ते शक्य नसल्यास एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा लिंबाचा गाळलेला रस घालून ते लांबीवरून ओतावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे. डोक्याच्या त्वचेवर जखम किंवा खाजवल्याचे ओरखडे असतील तर लिंबू वापरू नये.

११. तेल राहिले आहे की जास्त धुतले गेले आहे, हे कसे ओळखावे?

ओल्या केसांवरून हे ठरवता येत नाही. केस पूर्ण वाळू द्यावेत. तेल राहिले असेल तर वाळलेले केस सुटे न होता बारीक बटांत चिकटून राहतात, आणि हे प्रथम मानेच्या वर व कानांमागे दिसते, कारण तेथेच शाम्पू पोहोचत नाही. अशा वेळी पूर्ण डोके पुन्हा धुऊ नये. तेवढाच भाग पुढच्या धुण्यात आधी घ्यावा.

जास्त धुतले गेले असेल तर ओला केस बोटांत धरून ओढल्यावर करकर वाजतो, वाळल्यावर केस उडतात, गुंततात, आणि त्वचा ताणल्यासारखी वाटून खाज सुटते. करकर वाजणे हे स्वच्छतेचे लक्षण मानण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. केसांच्या दृष्टीने मात्र ती धोक्याची सूचना असते. या खाजेला कोरडेपणा समजून पुन्हा भरपूर तेल लावणे आणि ते काढण्यासाठी पुन्हा कडक धुणे हे चक्र फार लोक वर्षानुवर्षे चालवतात.

१२. कोंडा झाला की आई तेल लावायला सांगते आणि त्वचारोगतज्ज्ञ तेल बंद करायला सांगतात. कोणाचे ऐकावे?

सामान्य कोंड्यात तज्ज्ञांचे ऐकावे. प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. तिला स्वतःला मेदाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेवरील तेलाचे विघटन करून त्यावर जगते. त्यातून मागे राहणारे ओलेइक आम्ल काहींच्या त्वचेला चुरचुरते आणि त्वचेचे पापुद्रे लवकर सुटू लागतात. हाच कोंडा. तेल लावल्यावर पापुद्रे चिकटून बसतात व दिसेनासे होतात, खाजही काही तास थांबते, त्यामुळे आईचा अनुभव खोटा नसतो. परंतु मूळ कारण तसेच राहते आणि पुष्कळदा वाढते.

कोंडा असेपर्यंत तेल फक्त लांबीला लावावे आणि त्वचेला डॉक्टरांनी सांगितलेला औषधी शाम्पू लावावा. किटोकोनॅझोलचा शाम्पू असेल तर तो तीन ते पाच मिनिटे त्वचेवर ठेवून मग धुवायचा असतो. लावून लगेच धुतल्यास त्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि तो पाण्यात पातळही करू नये. प्रश्न ७ मधील पद्धत त्याला लागू नाही.

अपवाद सोरायसिसचा आहे. त्यात जाड, चांदीसारखे खवले घट्ट बसलेले असतात, आणि ते मऊ करण्यासाठी काही वेळा डॉक्टर स्वतःच काही तास किंवा रात्रभर तेल लावायला सांगतात. म्हणून खवले जाड असतील, कानांमागे किंवा कोपरांवरही असतील, तर घरी निष्कर्ष काढू नये.

१३. माझे केस कमरेपर्यंत आहेत, टोके रंगवलेली आहेत, त्वचा तेलकट आहे आणि आठवड्यात दोनदा धुते. मी नेमके काय करावे?

येथे लांबी आणि त्वचा यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत, म्हणून दोघींना वेगळे वागवावे लागेल. समजा, धुण्याचे दिवस बुधवार आणि रविवार आहेत. शनिवारी रात्री दोन चहाचे चमचे खोबरेल तेल घेऊन ते केवळ कानांखालील लांबीला लावावे, रंगवलेल्या टोकांना थोडे अधिक. केस मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरून त्यांची सैल वेणी घालावी व ती सुती कापडात गुंडाळावी, म्हणजे अभ्रा खराब होत नाही आणि घर्षणही टळते. टाळूला तेल लावू नये.

रविवारी सकाळी न्हाण्याआधी वेणी सोडून लांबीला कंडिशनर लावावा (प्रश्न ८) आणि पाच मिनिटांनी कोमट पाण्याने तो दुधाळ करून धुवावा. त्यानंतर एक ते दीड चमचा शाम्पू पाण्यात मिसळून तो दोन वेळा, केवळ त्वचेला लावावा. खाली वाहत येणारा फेस लांबीसाठी पुरतो. शेवटी पुन्हा थोडा कंडिशनर टोकांना. केस पंचाने खसाखसा पुसू नयेत, तो दाबून पाणी टिपावे, आणि केस ओले असताना झटकू नयेत.

बुधवारी रात्रभराची गरज नाही. न्हाण्याआधी तासभर एकच चमचा तेल लांबीला लावावे आणि शाम्पू त्वचेला लावावा. तीन-चार आठवड्यांनी टोके अधिक मऊ वाटत असतील पण त्वचा धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तेलकट होत असेल, तर तेल कमी न करता आठवड्यातून तिसऱ्यांदा फक्त त्वचा धुण्याचा विचार करावा.

१४. तेल लावून चोळताना हातात पुष्कळ केस येतात. तेलामुळे केस गळतात का?

रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. आधीच मुळातून सुटलेले केस इतर केसांत अडकून असतात आणि चोळताना एकदम हातात येतात, त्यातही तीन-चार दिवसांनी डोके धुणाऱ्यांचे अधिक. हातात आलेल्या केसाच्या टोकाला छोटी पांढरी गाठ असेल तर तो आपल्या वेळेला गळलेला केस आहे. गाठ नसलेले, आखूड तुकडे असतील तर केस तुटत आहेत आणि चोळण्याचा जोर कमी करायला हवा. नव्याने केस उगवण्यासाठी रात्रभर तेल ठेवण्याचा उपयोग होतो, असे मात्र समजू नये.

१५. मिनॉक्सिडिल सुरू आहे. तेल कधी लावावे?

मिनॉक्सिडिल कोरड्या आणि तेलविरहित त्वचेवर लावायचे असते आणि त्यानंतर निदान चार तास डोके धुवायचे नसते. म्हणून त्वचेला रात्रभर तेल ठेवणे या औषधाशी जुळत नाही. रात्री औषध लावावे, सकाळी न्हाण्याआधी तासभर फक्त लांबीला तेल लावावे, धुवावे आणि दुसरी मात्रा असल्यास त्वचा पूर्ण वाळल्यावर ती लावावी.

१६. मेंदी लावण्याच्या आदल्या रात्री तेल लावले तर चालते का?

चालत नाही. केसांवर तेलाचा थर असेल तर मेंदीचा रंग नीट चढत नाही. मेंदीपूर्वी केस धुतलेले व वाळलेले असावेत. मेंदी साध्या पाण्याने काढून, केस वाळल्यावर तेल लावावे आणि शाम्पू दुसऱ्या दिवशी करावा, ही अनेक घरांत चालत आलेली रीत योग्य आहे. मेंदीने कोरडे पडलेले केस त्यामुळे मऊ होतात, आणि ताजा रंग लगेच शाम्पूने धुतला जात नाही. रात्रभर तेल ठेवण्याचा सल्ला मी ज्या मोजक्या प्रसंगी बिनदिक्कत देते, त्यांपैकी हा एक आहे.

१७. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून लगेच अभ्यंगस्नान करतात. एवढ्या कमी वेळात तेलाचा काही उपयोग होतो का?

होतो. केस पाण्याने भिजण्यापूर्वी त्यावर तेलाचा पातळ थर असणे हेच धुण्यातील घर्षणापासून रक्षण करते, आणि त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटेही उपयोगी पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे तेल गोठलेले असू शकते. अशा वेळी बाटली कढत पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटे ठेवावी, तेल थेट गॅसवर तापवू नये. उटणे मात्र केसांना लावू नये. ते अंगाच्या तेलासाठी योग्य आहे, पण त्यातील भरड पूड लांब केसांत प्रश्न ९ मधील पिठासारखीच अडकते.